सवलत किती, कुणाला आणि कोणत्या शब्दांत

समजा, नाशिकमध्ये दोघांनी मिळून चालवलेला एक छोटा डिझाइन स्टुडिओ आहे. संकेतस्थळं, माहितीपत्रकं, बोधचिन्हं अशी कामं तिथे होतात. जागेचं भाडं, वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअरची वर्गणी आणि दोघांचा घरखर्च चालेल एवढं मानधन धरलं, तर महिन्याचा खर्च 1,20,000 रुपये होतो. दोघं दिवसभर कामात असतात, पण फोन, भेटी, हिशेब आणि वसुली वगळली, तर बिल लावता येईल असे तास दोघांचे मिळून महिन्याला 160 भरतात. म्हणजे एका तासामागे खर्च 750 रुपये. स्टुडिओचा दर तासाला 1,200 रुपये आहे. मधले 450 रुपये ही त्यांची शिल्लक. नवा संगणक, आजारपण, काम नसलेला महिना हे सगळं त्यातूनच निभावायचं.

या स्टुडिओला एका विशेष मुलांच्या शाळेचा फोन येतो. मराठी आणि इंग्रजीत आठ पानांचं संकेतस्थळ हवं आहे. काम 50 तासांचं, म्हणजे 60,000 रुपयांचं. शाळा चांगली आहे, माणसं तळमळीची आहेत. "संस्थेसाठी काहीतरी कमी करा," असं पलीकडून म्हटलं जातं आणि इकडून सहज उत्तर जातं, "ठीक आहे, 30 टक्के कमी करतो." बिल होतं 42,000 रुपयांचं.

कमी केलेले 18,000 रुपये एकूण रकमेच्या 30 टक्के वाटतात. पण 50 तासांचा खर्च 37,500 रुपयांवरून एक रुपयाही खाली आलेला नाही. पूर्ण दरात या कामातून 22,500 रुपये शिल्लक राहिले असते, आता 4,500 राहतात. दरात 30 टक्के सूट दिली आणि शिल्लक 80 टक्क्यांनी घटली. पूर्ण दराच्या एका कामातून जेवढं उरतं, तेवढं उरवायला अशी पाच कामं करावी लागतील. सवलत किती द्यावी याचा विचार या आकड्यापासून सुरू व्हायला हवा. बहुतेक ठिकाणी तो गोल आकड्यापासून सुरू होतो, कारण 30 किंवा 50 टक्के म्हणायला सोपं जातं.

याहून मोठा धोका तासांचा आहे. पूर्ण दराच्या कामात 50 तासांचे 80 तास झाले तरी स्टुडिओ तोट्यात जात नाही, कारण 60,000 रुपयांत 750 च्या हिशेबाने बरोबर 80 तास बसतात. सवलतीच्या कामात मात्र 56 तासांनंतर पदरमोड सुरू होते. हाताशी मोकळे तास उरतात फक्त सहा. आणि सेवाभावी संस्थेच्या कामात फेऱ्या जास्त होतात, हा अनेक व्यावसायिकांचा अनुभव आहे. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. निर्णय विश्वस्त मंडळ घेतं, मंडळ महिन्यातून एकदा भेटतं, एका विश्वस्तांना निळा रंग हवा असतो, दुसऱ्यांना देणगीदारांचे फोटो पहिल्या पानावर हवे असतात. या कामाला 80 तास लागले, तर खर्च 60,000 होतो आणि हाती येतात 42,000. सवलत म्हणून दिलेले 18,000 रुपये मग तोटा म्हणून आणखी एकदा जातात.

म्हणून सवलत द्यायची की नाही याच्या आधी एक वेगळा प्रश्न विचारायला हवा. संस्थेकडे 42,000 रुपयेच असतील, तर त्या रकमेत पूर्ण दराने काय करता येईल? 1,200 च्या दराने 35 तास. आठऐवजी पाच पानं, तयार साच्यावर बेतलेली मांडणी, मजकूर संस्थेने टाइप करून द्यायचा. शाळेला तेवढेच पैसे द्यावे लागतात आणि स्टुडिओची शिल्लक 4,500 ऐवजी 15,750 रुपये राहते. कित्येकदा संस्थेलाही हेच सोयीचं पडतं. आठ पानांपैकी तीन 'लवकरच येत आहे' असं सांगत वर्षभर रिकामी पडून राहण्यापेक्षा भरलेली पाच पानं बरी. पैसे कमी असतील तर आधी कामाचा आवाका कमी करावा, दराला हात शेवटी लावावा. या लेखातली एकच गोष्ट कुणी लक्षात ठेवणार असेल, तर ती ही असावी.

तरीही दर कमी करणं योग्य ठरतं असे प्रसंग आहेत. त्यात पहिला प्रश्न वेळेचा. महिन्याचे 1,20,000 रुपये काम असो वा नसो, खर्च होणारच. जून-जुलैत 160 पैकी 60 तास रिकामे असतील, तर त्या तासांत 840 रुपयांच्या दराने केलेलं काम भाड्याला आणि पगाराला हातभारच लावतं. तेच काम गणपती ते दिवाळीच्या हंगामात घेतलं, तर पूर्ण दराचं एखादं काम बाजूला सारावं लागतं. तेव्हा सवलतीची किंमत कागदावरच्या 18,000 रुपयांहून जास्त असते. सेवाभावी संस्थेला सहसा पैशापेक्षा वेळेत सैलपणा असतो. त्यामुळे "30 टक्के कमी, पण काम जून-जुलैत होईल आणि मजकूर 31 मेपर्यंत मिळायला हवा" ही दोन्ही बाजूंना परवडणारी अट आहे. वार्षिक अहवाल, संकेतस्थळ, छायाचित्रांची मांडणी ही कामं अशी पुढे-मागे करता येतात. कार्यक्रमाचं निमंत्रण थांबू शकत नाही, त्यामुळे त्यावर ही अट चालत नाही.

दुसरा प्रश्न संस्थेचा. महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे नोंद आहे एवढ्यावरून संस्थेच्या खिशाबद्दल काहीच कळत नाही. गल्लीतलं वाचनालय हा सार्वजनिक न्यास असतो, तशीच डझनभर महाविद्यालयं चालवणारी शिक्षणसंस्थाही असते. नोंदणी क्रमांक, कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची कंपनी असेल तर तिचा दाखला, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक या गोष्टी संस्था खरी आहे का, एवढंच सांगतात. तिला सवलतीची गरज आहे का, हे तिच्या लेखापरीक्षित जमाखर्चात दिसतं. तो मागायला संकोच वाटण्याचं कारण नाही. नीट चालणारी संस्था देणगीदारांना तो दाखवतेच, आणि सवलत देणारा व्यावसायिक त्या कामापुरता देणगीदारच असतो.

जमाखर्च हाती नसेल तेव्हा एक साधा प्रश्न बराच उजेड पाडतो. या उपक्रमात बाकी कुणाला पूर्ण पैसे मिळत आहेत? सभागृह, मंडप, जेवण, छपाई यांची बिलं पूर्ण भरली जाणार असतील आणि फक्त डिझाइन, छायाचित्रण किंवा हिशेबाचं काम 'सेवा म्हणून' मागितलं जात असेल, तर तिथे पैशांची अडचण नाही. बौद्धिक कामाला किंमत द्यायची सवय नाही, एवढंच. अशा ठिकाणी सवलत दिली की ती सवय आणखी पक्की होते. उलट, सगळेच जण थोडं थोडं सोडत असतील, कार्यकर्ते पदरचं पेट्रोल घालून फिरत असतील, तर आपणही सोडायला हरकत नाही.

संस्थेची अडचण कधी कधी पैशांपेक्षा खर्चाच्या शीर्षकाची असते. परदेशी देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांना 2020 च्या दुरुस्तीनंतर त्या निधीतून प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांपर्यंतच करता येतो. त्याआधी ही मर्यादा 50 टक्के होती. "आमच्याकडे यासाठी तरतूदच नाही" हे वाक्य त्यामुळे खरं असू शकतं. पण पालकांसाठीची प्रशिक्षणपुस्तिका असेल, तर ती उपक्रमाचाच भाग आहे आणि तिचा खर्च उपक्रमात दाखवता येतो का, हे संस्थेच्या हिशेबनिसाला विचारता येतं. एवढ्या चौकशीने कधी कधी सवलतीची गरजच उरत नाही.

आता किती द्यायचं, याकडे येऊ. प्रत्येक फोनवर मन द्रवेल तेवढं द्यायचं, ही पद्धत कुणालाच न्याय देत नाही. ज्याला बोलणं जमतं त्याला जास्त मिळतं आणि भिडस्त माणूस पूर्ण भरतो. याला उत्तर म्हणून महाराष्ट्रात एक नमुना समोर आहे. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये जी योजना लागू केली, तिच्यात 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवायच्या असतात. त्यासाठी रुग्णालयाने बिलांच्या एकूण रकमेतले 2 टक्के निर्धन रुग्ण निधी म्हणून वेगळ्या खात्यात टाकायचे असतात. कोण पात्र, हे उत्पन्नाच्या दाखल्यावरून ठरतं. योजनेच्या अंमलबजावणीबद्दल तक्रारी खूप आहेत आणि त्या रास्त आहेत, पण तिची रचना शिकण्यासारखी आहे. मर्यादा आधी ठरलेली, पात्रता लिहिलेली आणि पैशाला स्वतंत्र खातं.

छोट्या व्यवसायाला हे जसंच्या तसं उचलता येतं. नाशिकच्या त्या स्टुडिओची वर्षाची उलाढाल 22 लाख असेल आणि 3 टक्के सवलतीसाठी बाजूला ठेवायचे ठरले, तर रक्कम होते 66,000 रुपये. शाळेच्या कामात सुटलेले 18,000 त्यातून वजा करायचे. अशा आकाराची तीन कामं झाली की 54,000 संपतात, आणि चौथ्या संस्थेला मोकळेपणाने सांगता येतं की, "या वर्षाच्या सवलतीच्या कामांचा कोटा संपला. एप्रिलनंतर नक्की विचार करू. आत्ता हवं असेल तर तुमच्या रकमेत बसेल एवढं काम सुचवतो." या उत्तराने संस्थेचा अपमान होत नाही आणि स्टुडिओला अपराधी वाटत नाही. "तुमच्या त्या शाळेला कमी लावलंत, मग आम्हाला का नाही?" असं नेहमीच्या गिऱ्हाइकाने विचारलं, तरी उत्तर तयार असतं.

सवलत दिली, तरी ती लिहायची कशी हे बहुतेकांचं चुकतं. शाळेला पाठवलेल्या दरपत्रकात नुसतं 'संकेतस्थळ: 42,000 रुपये' लिहिलं, तर सवलत कुणाला दिसतच नाही. पुढच्या वर्षी शाळेचे सचिव बदलतात. नवे सचिव फाइल उघडतात आणि संकेतस्थळाला 42,000 लागतात असं धरून चालतात. तोच आकडा ते एखाद्या कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीसाठीच्या प्रस्तावात घालतात. प्रस्ताव मंजूर होतो, पण बाजारातलं काम 60,000 चं असल्याने संस्था 18,000 ने कमी पडते आणि पुन्हा कुणाकडे तरी सवलत मागते. न लिहिलेल्या सवलतीने इथे संस्थेचंच नुकसान झालं. म्हणून पूर्ण किंमत आधी लिहायची आणि सवलत वेगळ्या ओळीत, नावासकट. दरपत्रकातला मजकूर असा असू शकतो:

'संकेतस्थळ, 8 पानं, मराठी व इंग्रजी: 60,000 रुपये.
नोंदणीकृत सेवाभावी संस्थेसाठी सवलत, 30 टक्के: वजा 18,000 रुपये.
सवलतीनंतरची रक्कम: 42,000 रुपये. जीएसटी 18 टक्के: 7,560 रुपये. एकूण देय: 49,560 रुपये.
या रकमेत दोन वेळा दुरुस्त्या समाविष्ट आहेत. त्यापुढील कामासाठी तासाला 1,200 रुपये. संस्थेतर्फे मान्यता एकाच अधिकृत व्यक्तीने द्यावी. सवलत याच कामापुरती असून हे दरपत्रक 30 दिवस ग्राह्य राहील.'

यातली दुरुस्त्यांची ओळ त्या सहा मोकळ्या तासांचं रक्षण करते, आणि एकाच व्यक्तीची मान्यता विश्वस्त मंडळाच्या फेऱ्या थांबवते. जादा कामाचा दर मुद्दाम पूर्ण ठेवला आहे. सवलत ठरलेल्या कामावर दिली आहे, पुढे वाढेल त्या कामावर नाही.

हीच मांडणी बिलातही उतरायला हवी, कारण तिथे कराचा प्रश्न येतो. सवलत बिलावर वेगळी दाखवलेली असेल, तर जीएसटी उरलेल्या 42,000 वर लागतो. आधी 60,000 चं बिल करून नंतर काही रक्कम परत करायची म्हटलं, तर कर 10,800 रुपये होतो आणि तो कमी करायला क्रेडिट नोट आणि वेगळ्या अटी सांभाळाव्या लागतात. स्वतःच्या सेवांवर जीएसटी न आकारणाऱ्या शाळेला हा कर वजावट म्हणून परत मिळत नाही, तो तिच्या खिशातूनच जातो. संस्था सेवाभावी आहे म्हणून डिझायनरच्या बिलावरचा जीएसटी माफ होत नाही, हेही आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर 42,000 ठरले होते आणि 49,560 कसे आले, यावर नात्यात कडवटपणा येतो.

इथे दोन सूचना हमखास पुढे येतात. पहिली अशी की काम फुकट करा, आम्ही 80जीची पावती देतो. पण ती वजावट पैशाच्या देणगीवर मिळते, दिलेल्या सेवेवर किंवा वस्तूवर नाही. रोखीने 2,000 रुपयांपेक्षा जास्त दिले तरी मिळत नाही, आणि नवी करप्रणाली स्वीकारलेल्या व्यक्तीला तर मुळीच मिळत नाही. सोडलेले 18,000 रुपये उत्पन्नात धरलेच जात नाहीत, त्यामुळे त्यावर प्राप्तिकरही लागत नाही. तेवढा लाभ पुरेसा मानावा.

दुसरी सूचना जास्त धोक्याची असते. 60,000 चं बिल द्या, आम्ही पूर्ण पैसे देतो, तुम्ही 18,000 देणगी म्हणून परत करा. स्वतःहून नंतर दिलेली देणगी ही वेगळी गोष्ट आहे. पण परत करण्याच्या बोलीवर फुगवलेलं बिल संस्थेच्या विनियोग प्रमाणपत्रात जातं आणि निधी देणाऱ्याला खोटा खर्च दाखवला जातो. त्यात व्यावसायिकही भागीदार ठरतो. बिलावरची देय रक्कम आणि खरोखर हाती राहणारी रक्कम एकच असली पाहिजे. यात तडजोड नको.

विद्यार्थ्यांच्या नव्या कंपन्यांचा विचार वेगळा करावा लागतो. तिथे दान नसतं. आज कमी घेऊन उद्याचं गिऱ्हाईक जोडायचं, असा तो व्यवहार असतो. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या हेच करतात. जेटब्रेन्स ही कंपनी आपली साधनं विद्यार्थ्यांना मोफत देते आणि पाच वर्षांहून कमी वयाच्या कंपन्यांना निम्म्या किमतीत. अमेझॉनची क्लाउड सेवा नव्या कंपन्यांना क्रेडिट देते, आणि ठरलेल्या मुदतीनंतर ते संपतं. मात्र त्यांच्या उदारपणाची नक्कल छोट्या व्यावसायिकाने करू नये, कारण सॉफ्टवेअरची आणखी एक प्रत द्यायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. डिझायनरचा तास दुसऱ्यांदा विकता येत नाही. त्यांच्याकडून टक्केवारी न घेता दोन सवयी घ्याव्यात, पात्रतेचा पुरावा मागण्याची आणि शेवटची तारीख लिहिण्याची.

ही तारीख न लिहिल्याने सर्वात जास्त घोळ होतात. महाविद्यालयात असताना 840 रुपये तासाने सुरू झालेलं काम कंपनीत पंधरा माणसं आली तरी त्याच दराने चालू राहतं, आणि दर वाढवायचा विषय काढणं दरमहा अवघड होत जातं. म्हणून पहिल्याच पत्रात लिहावं: 'हा सवलतीचा दर 31 मार्चपर्यंत किंवा कंपनीला पहिली बाहेरची गुंतवणूक मिळेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत लागू राहील. त्यानंतर नेहमीचा दर, तासाला 1,200 रुपये, लागू होईल.' मुलं हे वाचून बिचकत नाहीत. उलट त्यांना पुढच्या वर्षाचा खर्च मांडता येतो.

विद्यार्थ्यांकडे पैसेच नसतात, हे गृहीतही तपासून घ्यावं. केंद्राच्या निधी-प्रयास योजनेतून वस्तूचा पहिला नमुना बनवायला 10 लाखांपर्यंत अनुदान मिळतं, आणि स्टार्टअप इंडियाच्या सीड फंडातून कल्पना सिद्ध करून दाखवायला 20 लाखांपर्यंत. हे पैसे इन्क्युबेशन केंद्रामार्फत येतात आणि मंजूर शीर्षकांखालीच खर्च करायचे असतात. डिझाइनचा खर्च अर्जात धरलेला असेल, तर सवलतीचं कारण उरत नाही. अर्ज अजून जायचा असेल, तर पूर्ण दराचं दरपत्रक देणं ही त्या मुलांना केलेली खरी मदत ठरते, कारण त्यावरून ते योग्य रक्कम मागू शकतात. दराऐवजी 'कंपनीत शेअर देऊ' असा प्रस्ताव आला, तर कंपनीची नोंदणी झाली आहे का, हे आधी विचारावं. नोंदणीच झाली नसेल तर शेअर द्यायला कंपनीच अस्तित्वात नाही, आणि त्या आश्वासनावर महिन्याचं भाडं भरता येत नाही.

शेवटी एक विनंती सेवाभावी संस्थांना आणि नव्या कंपन्या काढणाऱ्या मुलांना आहे. दरपत्रक मागताना तीन गोष्टी सोबत सांगा: तुमच्याकडे नक्की किती रुपये आहेत, काम कोणत्या महिन्यापर्यंत थांबू शकतं आणि मान्यता कोण एक व्यक्ती देणार आहे. एवढं कळलं, तर समोरच्या माणसाला किती कमी करता येईल याचं खरं उत्तर त्याच दिवशी देता येतं.